धुळवडीसाठी ओसरी आणि घर झाकताना: आधी काय, नंतर काय

धुळवड झाली की जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांत एकच तक्रार ऐकू येते, "एवढी ताडपत्री अंथरली होती, तरी फरशीला रंग बसलाच." ताडपत्री फाटकी नसते आणि रंगही दरवर्षीचाच असतो. चुकतो तो कामाचा क्रम. भिंतीचं कापड आधी टांगलं जातं आणि ताडपत्री मागून अंथरली जाते. शोभेसाठी लावलेल्या झालरीचाच रंग सुटतो. आणि रंग खेळायची जागा नीट झाकूनही तिथून मोरीकडे जाणारी वाट मात्र उघडीच राहते.

या शेवटच्या चुकीमुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं. रंग हवेतून घरात येतो त्यापेक्षा कितीतरी जास्त पायांनी येतो. म्हणून या लेखात खेळायच्या जागेइतकंच वाटेबद्दलही सांगितलं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर डोळ्यांसमोर धरू. समोर शहाबादी फरशीचं अंगण, दोन पायऱ्या चढून १६ फूट लांब आणि ८ फूट रुंद ओसरी, तिलाही शहाबादीच फरशी. ओसरीच्या मागच्या भिंतीला डिस्टेंपर, त्या भिंतीत बैठकीच्या खोलीचं दार. घराच्या उजव्या अंगाने बोळ आणि बोळाच्या टोकाला मागची मोरी. येणारी माणसं पंचवीस-तीस, त्यात निम्मी पोरं. तुमचं घर यापेक्षा लहान-मोठं असेल, पण मापं काढायची रीत हीच.

## टप्पा १: चार-पाच दिवस आधी हद्द ठरवा

सामान आणण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून तीन गोष्टी पक्क्या करा. रंग कुठे खेळायचा, रंगलेली माणसं कुठपर्यंत येणार, आणि कुठल्या दाराला त्या दिवशी कडी राहणार.

आपल्या उदाहरणातल्या घरात रंग फक्त अंगणात. ओसरी बसायला, पाणी प्यायला, फराळाला. बैठकीचं दार बाहेरच्यांसाठी बंद. मोरीला जायचं असेल तर बोळातूनच. घरातल्या माणसांची ये-जा मागच्या दाराने.

ही गोष्ट साधी वाटते, पण इथे ढिलाई झाली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. "फक्त हात धुऊन येतो" म्हणत एक जण बैठकीतून गेला की त्याच्यामागे सगळे जातात. म्हणून नुसतं सांगून भागत नाही. दारासमोर आडवी बाज टाका किंवा तिथे घागरी मांडा, म्हणजे ती वाट नाही हे न सांगता कळतं. मात्र घरातून बाहेर पडायचं दुसरं दार दिवसभर मोकळं आणि उघडं असलंच पाहिजे. ते नसेल तर बैठकीचं दार झाकू नका, अडवूही नका.

पडताळा: स्वतः अंगणात उभे राहा आणि तिथून मोरीपर्यंत चालत जा. वाटेत हात टेकवावासा वाटतो ती प्रत्येक जागा खडूने खुणवा. दाराची चौकट, बोळाचा कोपरा, नळाजवळची भिंत, विजेचं बटण. धुळवडीच्या संध्याकाळी पंजाचे ठसे नेमके इथेच सापडतात, तेही लहान पोरांच्या उंचीवर, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर.

## टप्पा २: तीन दिवस आधी कापडं निवडा आणि तपासा

शोभेसाठी वेगळं सामान आणायचं आणि झाकण्यासाठी वेगळं, असा दुहेरी खर्च करू नका. जुन्या साड्या दोन्ही कामं करतात. पण कुठलीही साडी चालत नाही.

सुती साडी किंवा सुती चादर रंग पटकन ओढून घेते आणि सहसा सोडत नाही. जॉर्जेट, नायलॉन, पॉलिस्टरची छापील साडी रंग कमी धरते, लवकर धुतली जाते आणि फाल्गुनातल्या उन्हात तासाभरात वाळते. भिंतीला म्हणून ह्याच साड्या घ्या. सुती कापड बसायच्या जागेसाठी ठेवा. तिथे पाणी शोषून घेणारं कापडच लागतं आणि ते थोडं रंगलं तरी चालतं. जरीकाठाच्या साड्या यातून पूर्ण वगळा.

आता तपासणी. साडीचा एक कोपरा साबणाच्या पाण्यात भिजवा आणि पांढऱ्या रुमालाने अर्धा मिनिट जोरात घासा. रुमालाला जराही रंग लागला तर ती साडी बाद. गडद लाल, जांभळ्या आणि काळ्या साड्यांवर विशेष लक्ष ठेवा. अशी साडी भिजून भिंतीला चिकटली की पिचकारीने उडाला नसता एवढा डाग ती स्वतःच पाडते.

याच कसोटीवर शोभेच्या बाकी वस्तूही लावून बघा.

पतंगी कागदाच्या आणि क्रेप कागदाच्या झालरी धुळवडीला लावूच नयेत. पाण्याचा थेंब पडला की त्यांचा रंग ओघळतो आणि खालची भिंत, खांब, माणसांचे कपडे सगळं रंगतं. त्याऐवजी जुन्या साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडा आणि सुतळीवर जवळजवळ गाठी मारून तोरण करा. ते धुता येतं, रंगपंचमीला पुन्हा लावता येतं.

झेंडूच्या माळा लावायच्या असतील तर हाताला लागणार नाहीत इतक्या उंच. चुरगाळलेला झेंडू फरशीवर पिवळा डाग सोडतो. पळसाच्या फुलांचंही तेच. सातपुड्याच्या पायथ्याला या दिवसांत पळस भरभरून फुललेला असतो, फुलं आणावीशी वाटतात, तर ती परातीत पाण्यावर ठेवा, पायाखाली येऊ देऊ नका. आंब्याच्या पानांचं तोरण सगळ्यात निर्धोक.

होळीचे साखरेचे हार-कंगन देवाजवळ किंवा घरातच राहू द्या. ओसरीत टांगले आणि भिजले की पाक खाली गळतो, त्यावर रंग चिकटतो आणि मग मुंग्या येतात.

रांगोळी काढायचीच तर फाटकाबाहेर आणि पांढरी. रंगीत रांगोळीची पूडही पायांनी घरात जाणारा रंगच असते.

टाळा: रंग शोषायला म्हणून वर्तमानपत्रं अंथरू नका. ओल्या कागदाची शाई फरशीवर उतरते आणि कागदाचा लगदा शहाबादीच्या सांध्यांत बसतो.

## टप्पा ३: दोन दिवस आधी सामान हलवा, ताडपत्री धुवा

जे हलवता येतं ते झाकत बसू नका, हलवाच. गाद्या, लोड, तक्के, टीपॉय, कुंड्या, पायताणांचा रॅक हे सगळं आतल्या खोलीत जाऊ द्या. एका वस्तूला झाकायला लागणाऱ्या वेळात चार वस्तू आत जातात.

जड लाकडी सोफा किंवा झोपाळा जागचा हलत नसेल तर आधी सुती चादर आणि तिच्यावर प्लास्टिक, असं झाका. पॉलिश केलेल्या लाकडावर थेट प्लास्टिक टाकलं की आपल्याकडच्या उन्हात आत दमट वाफ धरते, पॉलिशवर पांढरे चट्टे उठतात आणि कधी प्लास्टिकच चिकटून बसतं. झोपाळ्याच्या कड्या काढता येत असतील तर पाटी उतरवून ठेवा. काढता येत नसतील तर कड्यांना खोबरेल तेलाचा हात फिरवा. धातूवर तेलाचा पातळ थर असला की रंग फडक्याने निघून येतो. खिडकीच्या गजांना आणि दाराच्या कडीकोयंड्यालाही तेल चालतं. भिंतीला आणि दगडी फरशीला मात्र तेल लावू नका, ते आत मुरतं.

ओसरीत बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवणार असाल तर जुन्या, ओरखडे पडलेल्या खुर्च्या झाका. गुळगुळीत प्लास्टिकवरचा रंग धुऊन जातो, ओरखड्यात गेलेला निघत नाही. जुन्या उशांचे अभ्रे पाठीवर उलटे चढवले की काम झालं.

ताडपत्री विकत आणायची गरज बहुतेक घरांत नसते. दादर किंवा गव्हाच्या मळणीला वापरलेली पडून असते. पण ती तशीच अंथरू नका. तिच्या घडीत भुसा, कुसळं आणि बारीक खडे असतात. अनवाणी पायांना ते टोचतात आणि वरून माणसं चालली की खालची गुळगुळीत टाइल खरवडली जाते. ताडपत्री झटका, धुवा, आणि उन्हात उभी धरून आरपार बघा. जिथे उजेडाचे ठिपके दिसतात तिथे खुणा करा, दोन्ही बाजूंनी पट्टी चिकटवा.

आता माप. आपली ओसरी १६ बाय ८ फूट आहे, तर १८ बाय १२ ची ताडपत्री बरोबर बसते. लांबीत २ फूट जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक फूट वर दुमडायला. रुंदीत ४ फूट जास्त, ते सगळे मागच्या भिंतीवर चढवायचे. अनेक जण हे जास्तीचं टोक पुढे, पायऱ्यांवर सोडतात. तसं मुळीच करू नका.

सावधान: पायरीवर ताडपत्री नको, प्लास्टिक नको, काहीच नको. ओल्या ताडपत्रीवर, त्यातही पायरीच्या कडेला, म्हातारी माणसं आणि धावणारी पोरं घसरतात. ताडपत्री ओसरीच्या कडेच्या चार बोटं आतच संपली पाहिजे. पायऱ्या रंगल्या तर रंगू द्या, त्या धुता येतात.

## टप्पा ४: होळीच्या संध्याकाळी फक्त सुतळी बांधा

उद्याचं काम आजच उरकावं असं वाटतं आणि होळीच्या संध्याकाळीच सगळं टांगलं जातं. ते टाळा. घरासमोर किंवा गल्लीच्या तोंडाशी होळी पेटलेली असते, वाऱ्याने ठिणग्या उडतात, आणि नायलॉन-पॉलिस्टरची साडी पेटली की वितळून अंगाला चिकटते. प्लास्टिकचंही तसंच. होळीची आग पूर्ण विझून राख थंड होईपर्यंत यातलं काहीही ओसरीत नको.

संध्याकाळी एवढंच करा: भिंतीवर ७ फूट उंचीला आणि साधारण ४ फूट उंचीला अशा दोन सुतळ्या ताणून बांधा. आधीच असलेले खिळे, खिडकीचे गज, ओसरीचे खांब यांचाच आधार घ्या. चिकटपट्टीने कापड भिंतीला लावणं ही फार जुनी खोड आहे. पाकिटं बंद करायची तपकिरी पट्टी काढताना डिस्टेंपरचा पापुद्रा सोबत घेऊन येते. चुन्याच्या भिंतीवर तर ती धरतच नाही. अगदीच लागली तर रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या, तीही त्याच दिवशी काढा, कारण उन्हात तिचा डिंक भिंतीवर उतरतो.

रात्री झोपण्याआधी पाणी भरून ठेवा. उन्हाळा लागला की आपल्या कित्येक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. पाय धुण्याचं आणि नंतरच्या सफाईचं पाणी वेगळ्या टाकीत काढून ठेवलं नाही तर पोरं ते पिचकाऱ्यांत संपवतात.

## टप्पा ५: धुळवडीच्या सकाळी आधी फरशी, मग भिंत

बहुतेकांचा क्रम इथेच उलटा होतो. तो नीट समजून घ्या.

भिंतीवरचं कापड भिजलं की पाणी त्यावरून खाली ओघळतं. ताडपत्रीची वर दुमडलेली कड या कापडाच्या पुढे आली, तर ओघळलेलं पाणी कडेच्या मागे उतरतं आणि थेट ताडपत्रीखाली, उघड्या फरशीवर साचतं. वरून सगळं कोरडं दिसतं आणि खाली तासन् तास रंग दगडात मुरत राहतो. संध्याकाळी ताडपत्री उचलली की भिंतीलगत गुलाबी पट्टा दिसतो, तो याचाच. म्हणून ताडपत्री आधी, आणि भिंतीचं कापड तिच्या पुढून खाली यायला हवं.

सकाळचा क्रम असा ठेवा.

१. ओसरी झाडून कोरडी करा. फरशी ओली असताना ताडपत्री टाकली तर ती सरकते.

२. ताडपत्री पसरा. मागचे ४ फूट भिंतीवर चढवा आणि ताडपत्रीच्या कड्यांतून दोरी ओवून खालच्या सुतळीला बांधा. बैठकीचं दार बंद असल्याने ती दारावरूनही सलग जाते, कापावी लागत नाही. बाजूचे एकेक फूट खांबांना आणि भिंतींना टेकवून वर दुमडा.

३. आता साड्या. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट लांब. १६ फुटांच्या भिंतीला आडवी लावली की पुरते आणि थोडी उरते. तिची रुंदी पावणेचार फुटांच्या आसपास. म्हणून एका साडीत भागत नाही. माणसं भिंतीला पाठ आणि डोकं टेकतात, रंग खांद्याच्या वर उडतो. दोन साड्या लावा. खालची आधी, तिची वरची कड ताडपत्रीच्या पुढून खालच्या सुतळीवर. मग वरची साडी ७ फुटांवरून सोडा, ती खालच्या साडीवर वीतभर यायला हवी. कौलं जशी वरचं खालच्यावर चढवतात तसंच. उलटं झालं तर ओघळ दोन साड्यांच्या मधून आत जातो.

४. साड्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून खालच्या साडीच्या काठात वजन हवं. आपल्याकडे शेताच्या कोपऱ्यात ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी हमखास पडलेली असते. ड्रिपर नसलेली साधी नळी घ्या, तिच्यात कोरडी वाळू भरा, दोन्ही तोंडं दुमडून बांधा आणि साडीच्या काठाला शिवलेल्या नेफ्यात सरकवा. काठ भिंतीलगत सरळ खाली राहतो, शोभाही बिघडत नाही. विटा-दगड ठेवू नका, पायाला लागतात.

५. बसायच्या जागी ताडपत्रीवर जुनी सतरंजी किंवा बारदान अंथरा. ओली ताडपत्री घसरते आणि उन्हात तापतेही, म्हणून वर कापड हवंच. बारदान थेट फरशीवर मात्र नको. ताग भिजला की त्याचा तपकिरी रंग दगडावर उतरतो.

६. बटणांच्या पाट्यांवर पारदर्शक प्लास्टिक लावा, आणि अंगणातल्या दिव्यांचा, पाण्याच्या मोटारीचा पुरवठा मुख्य बटणावरून बंद करा. नुसतं प्लास्टिक म्हणजे संरक्षण नव्हे. ओल्या हाताने पाटी दाबली जाणारच आहे असं धरून चाला.

शहाबादीच्या अंगणासाठी एक वेगळी गोष्ट. तिथे अंथरायचं काही नाही, पण रंग सुरू होण्याच्या आधी फरशीवर साधं पाणी मारून ती चांगली भिजवा. दगडाची छिद्रं आधीच पाण्याने भरलेली असली की रंगीत पाणी आत कमी शिरतं. दर तासाला पुन्हा एक-दोन बादल्या शिंपडा. हे फक्त ओल्या रंगाच्या जागी करायचं. जिथे फक्त गुलाल उधळायचा आहे ती जागा कोरडीच राहू द्या. आणि तुमचं अंगण शेणाने सारवलेलं असेल तर झाकायची काळजीच नाही. वरचा थर खरवडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवा.

पडताळा: पाहुणे येण्याआधी तांब्याभर पाणी वरच्या साडीवर ओता आणि ओघळ कुठे जातो ते बघा. तो दोन्ही साड्यांवरून ताडपत्रीवर उतरला पाहिजे. मग ताडपत्रीची मागची कड हळूच उचलून फरशीला हात लावा. हात कोरडा आला तरच पुढे जा.

## टप्पा ६: वाट आणि उंबरा

आता सगळ्यात महत्त्वाची जागा, जिथून लोक मोरीकडे वळतात ते बोळाचं तोंड.

इथे पाण्याचं घमेलं ठेवायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नुसतं घमेलं ठेवलं की कोरड्या गुलालाने माखलेले पाय थेट पाण्यात जातात, दहाव्या माणसापर्यंत पाणी गडद होतं, आणि अकरावा माणूस त्यात पाय बुडवून ते रंगीत पाणी आत नेतो. तीन जागा एकामागे एक करा.

पहिली जागा कोरडी. काथ्याचं जाड पायपुसणं, शेजारी खराटा. इथे पाय घासायचे, कपडे झटकायचे. गुलालाचा मोठा भाग इथेच गळतो.

दुसरी जागा पाण्याची. पाय घमेल्यात बुडवायचे नाहीत. बादली आणि तांब्या ठेवा, पाय पाटावर ठेवून वरून पाणी घ्यायचं. खालचं पाणी मोरीकडे जाईल असा उतार बघा. तिथे जाळी बसवा, नाहीतर गुलालाचा गाळ आणि पाकळ्या मोरी तुंबवतात.

तिसरी जागा पुसायची. जाड टॉवेल किंवा जुनी गोधडी, आणि ती दर तासाला बदलायला दुसरी तयार. गोधडी भिजून रंगली की तीच फरशीवर रंग पसरवायला लागते.

या जागेवर घरातलं एक माणूस बसवा, शक्यतो ज्याचं पोरं ऐकतात असं. आजी असतील तर उत्तम, पण त्यांची खुर्ची कोरड्या पायपुसण्याकडे ठेवा, पाण्याकडे नाही. बोळाच्या दोन्ही भिंतींवर अडीच-तीन फुटांपर्यंत जुन्या चादरी सोडा. पोरं भिंत धरूनच चालतात.

अंगाला लावायच्या तेलाची बाटली अंगणात ठेवा, ओसरीत नाही, आणि तेल लावलं की हात साबणाने धुवायला सांगा. तेलकट हातावर रंग बसला आणि तो हात भिंतीला लागला की तेल रंगाला घेऊन डिस्टेंपरमध्ये शिरतं. असा डाग धुऊन निघत नाही.

चंदेरी-सोनेरी रंग आणि ऑइलपेंट फाटकातूनच परत पाठवा. वर सांगितलेलं सगळं पाण्यात विरघळणाऱ्या रंगासाठी आहे. तेलातला रंग साडीवरून जात नाही, ताडपत्रीवरून जात नाही आणि कातडीवरूनही सहज जात नाही.

टाळा: रंगीत पाणी गुरांच्या हौदाकडे किंवा विहिरीकडे वाहू देऊ नका. उतार तसा असेल तर मातीचा हातभर बांध घाला.

## टप्पा ७: काढतानाचा क्रम

खेळ संपला की सगळ्यांना एकदम नळी घेऊन पाणी मारायची घाई होते. थांबा. गुलाल कोरडा असेपर्यंत झाडूने निघतो. पाणी लागलं की त्याचा रंगीत चिखल होतो आणि तो सांध्यांत शिरतो.

आधी सतरंज्या आणि बारदान आतल्या बाजूला गुंडाळून बाहेर न्या. मग वरची साडी सोडा, मग खालची. हा क्रम लावतानाच्या उलट आहे. साड्याही आतल्या बाजूला गुंडाळत खाली घ्या, झटकायच्या त्या अंगणात. मग ताडपत्रीवरचा गुलाल कोरडा झाडून गोळा करा. शेवटी चारही कडा मध्ये आणून ताडपत्री गाठोड्यासारखी उचला, दोघांनी मिळून. ओढत नेली तर कडेचं पाणी फरशीवर सांडतं.

त्यानंतर फरशी. आधी झाडू, मग साध्या थंड पाण्याने धुणं, मग साबण. इथे एक चूक भारी पडते. डाग राहिला की लोक मोरी साफ करायचं ॲसिड आणतात. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत. ॲसिड पडलं की वरचा थर खाल्ला जातो, जागा पांढरट आणि खरबरीत होते, आणि पुढच्या वर्षी तिथेच रंग जास्त बसतो. लिंबू आणि व्हिनेगर यांचाही तोच परिणाम, फक्त कमी. राहिलेल्या डागावर मुलतानी माती साबणाच्या पाण्यात दाट कालवून बोटभर जाड थापा आणि रात्रभर प्लास्टिकने झाका. सकाळी प्लास्टिक काढून माती पूर्ण वाळू द्या, मग लाकडी उलथन्याने खरवडा. वाळताना माती डाग वर ओढते. एका खेपेत सगळा गेला नाही तर पुन्हा करा.

सावधान: ब्लीचिंगचं पाणी आणि ॲसिड एकाच मोरीत, एकाच दिवशी वापरू नका. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो.

चुन्याच्या भिंतीवर रंग लागलाच तर ओल्या फडक्याने घासू नका, डाग पसरतो. कोरड्या ब्रशने झाडा आणि वर चुन्याचा हात द्या. डिस्टेंपरवरचा गुलाबी डाग नुसत्या नव्या डिस्टेंपरने झाकत नाही, तो पुन्हा वर येतो. रंगाऱ्याला सांगून त्या जागेवर आधी ऑइल प्राइमरचा हात घ्या.

## टप्पा ८: रंगपंचमीसाठी धुऊन ठेवणं

ज्या घरी रंगपंचमीही खेळली जाते, तिथे हेच सामान चार दिवसांनी पुन्हा लागतं. म्हणून धुणं त्याच संध्याकाळी. रात्रभर ओलं बोचकं बांधून ठेवलं की एका साडीचा रंग दुसरीला लागतो.

साड्या एकेक करून थंड पाण्यात बुडवा, पाणी गडद येईनासं होईपर्यंत पाणी बदला, आणि त्यानंतरच साबण लावा. गरम पाणी नको. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, कुंकू सांडल्यासारखा दिसतो. घाबरून जास्त घासू नका. साबण नीट धुतला की तो परत पिवळा होतो आणि एक-दोन दिवसांच्या कडक उन्हात बराचसा उडतो. नैवेद्याच्या पानावरच्या रश्श्याचे डागही असेच जातात.

ताडपत्री दोन्ही बाजूंनी धुऊन दोरीवर टाका, घडी घालण्याआधी तिच्या कडांना हात लावून बघा. कडेच्या दुमडीत ओल राहिली तर तिथे रंग साचलेला असतो आणि रंगपंचमीला ती कड वर दुमडताना तोच भिंतीला लागतो. नळीतली वाळू काढून टाका, नळी धुवा, नेफे उलटे करून वाळवा. साड्यांच्या घडीत चिठ्ठी ठेवा: कुठली वर होती, कुठली खाली, सुतळी कुठल्या खिळ्याला बांधली होती.